फोटोतला साहेब खरा आहे का? पैसे पाठवण्याआधी हात, अक्षरं आणि उजेड तपासा



मागच्या व्हिडिओत आपण मशिनरीचं कोटेशन कसं वाचायचं ते बघितलं. त्याखाली बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. "सर, समोरचा माणूस व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःचा फोटो पाठवतो, गळ्यात ओळखपत्र असतं. मग विश्वास ठेवायला काय हरकत आहे?"

हरकत आहे. आजकाल न जन्मलेल्या माणसाचा फोटो दहा सेकंदात तयार होतो. सूट-टाय घातलेला, हसरा, गळ्यात ओळखपत्र, मागे सरकारी ऑफिस. असा फोटो ओळखायचा कसा, आणि ओळखता आला नाही तर काय करायचं, यावर व्हिडिओत दहा मिनिटं बोललो होतो. तिथे घाईत राहून गेलेलं इथे सावकाश लिहितो. लेख वाचताना मोबाईल हातात ठेवा, कारण यातलं निम्मं काम फोटो झूम करूनच होतं.

बोईसरच्या ताईंना आलेला फोटो

बोईसरजवळ राहणाऱ्या आपल्या एक ताई आहेत. त्यांच्या परवानगीने हे सांगतोय, पण नाव सांगत नाही. त्यांना मसाला कांडप सुरू करायचं होतं. मिरची, हळद, गरम मसाला दळून पाकिटं करायची आणि एमआयडीसीत कामाला येणाऱ्या कुटुंबांना विकायची. जागा घरचीच होती. मशीन आणि पहिल्या महिन्याच्या मालासाठी कर्ज हवं होतं. फेसबुकवर एका जाहिरातीखाली त्यांनी नंबर टाकला आणि दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला. "तुमचं कर्ज मंजूर झालं आहे. फाईल चार्ज ४,८५० रुपये भरा, आज संध्याकाळपर्यंत."

ताईंनी विचारलं, "तुम्ही कोण?" त्यावर एक फोटो आला. साधारण चाळिशीचे साहेब, पांढरा शर्ट, चष्मा, गळ्यात निळी पट्टी आणि ओळखपत्र, एका हातात फाईल. मागे मोठी इमारत आणि तिच्यावर बोर्ड. खाली लिहिलं होतं, "मी आत्ता कोळगावला कलेक्टर ऑफिसलाच आहे मॅडम, तुमचीच फाईल घेऊन उभा आहे."

ही कोळगावची गोष्ट ज्याने कोणी लिहिली, त्याला आपली माणसं बरोबर कळतात. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला आणि पुढे जिल्ह्याचं मुख्यालय पालघर-बोईसर रस्त्यावर कोळगावला आलं. तेव्हापासून आपल्याकडे "कोळगावला गेलो होतो" म्हटलं की सरकारी काम होतं असंच समजतात. त्या नावाला वजन आहे, म्हणून ते वापरलं.

ताईंनी पैसे भरण्याआधी तो फोटो मला पाठवला. आम्ही दोघांनी फोनवर बोलत बोलत तो तपासला. त्याच क्रमाने तुम्हालाही दाखवतो.

आधी चेहरा बघू नका

आपली पहिली चूक हीच होते. फोटो आला की डोळे चेहऱ्यावर जातात, आणि एआयला सगळ्यात चांगला जमतो तो चेहराच. त्याला शिकवताना माणसांचे लाखो चेहरे दाखवलेले असतात, बहुतेक समोरून काढलेले, उजेडातले.

हे नुसतं माझं मत नाही. सोफी नाइटिंगेल आणि हॅनी फरीद या दोन संशोधकांनी २०२२ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना खरे आणि संगणकाने बनवलेले चेहरे मिसळून दाखवले आणि ओळखायला सांगितलं. बरोबर उत्तरं आली साधारण ४८ टक्के. नाणं उडवून सांगितलं असतं तरी एवढीच आली असती. दुसऱ्या गटाला आधी खुणा शिकवल्या, तेव्हा आकडा ५९ टक्क्यांपर्यंत गेला. आणि गंमत म्हणजे लोकांना खोटे चेहरे खऱ्यांपेक्षा थोडे जास्त विश्वासू वाटले.

याचा आपल्यासाठी अर्थ असा, की "माणूस चेहऱ्यावरून चांगला वाटतोय" हे वाक्य व्यवहारात वापरायचं नाही. चेहरा अंगठ्याने झाका आणि बाकीचा फोटो बघा. फोटो चॅटमध्ये छोटा बघू नका. सेव्ह करून गॅलरीत उघडा, दोन बोटांनी मोठा करा आणि एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत हळूहळू सरकवत न्या.

पहिली तपासणी: अक्षरं

मी सुरुवात नेहमी अक्षरांपासून करतो, कारण मराठी वाचणाऱ्यांचा इथे मोठा फायदा आहे.

एआय चित्र बनवताना अक्षर लिहीत नाही, अक्षरासारखा आकार काढतो. इंग्रजी अक्षरं सुटी असतात आणि शिकवलेल्या चित्रांमध्ये इंग्रजी पाट्या भरपूर असतात. म्हणून नवीन एआय मोठ्या अक्षरातला इंग्रजी बोर्ड आता बऱ्यापैकी बरोबर लिहितो. देवनागरीत मात्र तो अजूनही चुकू शकतो. आपल्या लिपीत वर शिरोरेषा, तिच्यावर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार, मध्येच जोडाक्षर. "जिल्हाधिकारी" हा एकच शब्द घ्या. त्यात पहिली वेलांटी, "ल्हा"चं जोडाक्षर, पुन्हा वेलांटी, शेवटी दुसरी वेलांटी. एवढं सगळं जागच्या जागी ठेवायला वाचता यावं लागतं, नुसता आकार पाठ असून भागत नाही.

ताईंच्या फोटोत बोर्डावर पहिला शब्द "जिल्" इथपर्यंत वाचता येत होता. पुढे "ल" आणि "ह" एकमेकांत वितळले होते, त्यावर दोन वेलांट्या एकाच अक्षराला लागल्या होत्या आणि शिरोरेषा मध्येच तुटून पुढच्या अक्षराच्या पोटातून गेली होती. दुसरी ओळ लांबून मराठी वाटत होती, जवळून पाहिल्यावर एकही अक्षर बाराखडीतलं नव्हतं. ओळखपत्रावर तर नावाच्या जागी नुसत्या गाठी होत्या.

इथे एक फरक नीट समजून घ्या, नाहीतर खऱ्या फोटोलाही खोटं म्हणाल. खऱ्या फोटोतली लांबची पाटी धूसर असते, पण सगळी सारखीच धूसर असते. शब्द वाचता आला नाही तरी त्याची लांबी, मधली जागा आणि शिरोरेषा बरोबर राहते. एआयच्या फोटोत कडा ठसठशीत असतात आणि तरी शब्द लागत नाही. अक्षर स्पष्ट दिसतंय पण ते कोणतं अक्षर आहे हे सांगता येत नाही, अशी वेळ आली की थांबा.

अजून एक. पुढच्या कॅमेऱ्याने काढलेल्या सेल्फीत कधी कधी अक्षरं उलटी येतात, आरशात दिसतात तशी. ते बिघडलेलं लिखाण नव्हे. गॅलरीच्या एडिटमध्ये जाऊन फोटो आडवा उलटवा. नीट वाचता आलं तर अक्षरांपुरती शंका मिटली.

दुसरी तपासणी: हात आणि हातात धरलेली वस्तू

सहा बोटांचे फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलेत. ते का होतं हे कळलं की काय शोधायचं तेही कळतं.

चेहऱ्यावर दोन डोळे, एक नाक, एक तोंड, सगळं जवळपास ठरलेल्या जागी. हात मात्र प्रत्येक फोटोत वेगळा दिसतो. कधी मूठ, कधी नमस्कार, कधी दोनच बोटं दिसतात कारण बाकीची फाईलमागे गेलेली असतात. एआय बोटं मोजत नाही. "बोटाच्या बाजूला बहुतेक अजून एक बोट असतं" एवढाच त्याचा अंदाज असतो, आणि त्या अंदाजाने तो कधी पाचवर थांबतो, कधी नाही.

नवीन एआयने ही चूक बरीच सुधारली आहे. त्यामुळे नुसती बोटं मोजून समाधान मानू नका. ताईंच्या फोटोत दिसणारी बोटं मोजली तर पाच भरत होती! पण हाताने फाईल *धरलेली* नव्हती. अंगठा फाईलच्या पुढे होता, चार बोटंही पुढेच होती, मागे आधार कुणाचाच नव्हता. स्वतः एखादी वही तशी धरून बघा, खाली पडेल. शिवाय करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट एकाच लांबीचं होतं आणि मनगटातल्या घड्याळाचा पट्टा एका बाजूने कातडीत जिरून गेला होता.

म्हणून हात बघताना तीन प्रश्न विचारा. बोटं किती आणि त्यांची लांबी बरोबर आहे का? नखं आणि सांधे जागच्या जागी आहेत का? आणि हा हात ती वस्तू खरंच उचलू शकेल का? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण वजन म्हणजे काय हे एआयला माहीत नसतं.

हाताइतक्याच कामाच्या जागा म्हणजे जिथे दोन वस्तू एकमेकींना भेटतात. चष्म्याची काडी कानामागे जाते की केसात नाहीशी होते? दोन्ही कानातले सारखे आहेत का? मंगळसूत्राच्या वाट्या दोन आहेत का, आणि सर मानेमागे जातो की पदरात संपतो? ताईंच्या साहेबांच्या गळ्यातली निळी पट्टी डाव्या बाजूने कॉलरखालून येत होती आणि उजव्या बाजूने कॉलरच्या वरून. एकच पट्टी, दोन रस्ते.

तिसरी तपासणी: उजेड

इथे जरा सावकाश वाचा. उजेडाची चूक पटकन दिसत नाही. त्यात गल्लतही सगळ्यात जास्त होते.

नियम सोपा आहे. उघड्यावर, दुपारी काढलेल्या फोटोत सूर्य एकच असतो. नाकाची सावली, हनुवटीखालची सावली, जमिनीवरची माणसाची सावली आणि मागच्या खांबाची सावली, या सगळ्यांनी एकाच सूर्याचं ऐकलं पाहिजे. एआय हा उजेड मोजून टाकत नाही. चेहऱ्यावर चेहऱ्याला शोभेल असा उजेड टाकतो आणि इमारतीवर इमारतीला शोभेल असा. बऱ्याचदा ते जुळतं, कधी जुळत नाही.

ताईंच्या फोटोत साहेबांच्या चेहऱ्याची डावी बाजू उजळ होती आणि नाकाची सावली उजव्या गालावर होती. म्हणजे सूर्य फोटोच्या त्या बाजूला हवा. पण मागच्या खांबांच्या सावल्या नेमक्या त्याच बाजूला पडल्या होत्या. सावली उजेडाच्या उलट दिशेला पडते हे शाळेतलं विज्ञान आहे. इथे दोन सूर्य लागत होते. शिवाय चेहऱ्यावरचा उजेड मऊ, स्टुडिओत छत्री लावून काढल्यासारखा होता आणि मागे कडक ऊन.

दुसरी जागा डोळ्यांची. बुबुळावर उजेडाचा एक छोटा पांढरा ठिपका असतो. दोन्ही डोळे एकाच खिडकीकडे किंवा एकाच आकाशाकडे बघत असतात, म्हणून दोन्ही ठिपके साधारण सारख्या आकाराचे आणि सारख्याच जागी हवेत. अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये याच ठिपक्यांवरून खोटे चेहरे पकडायची पद्धत मांडली होती. त्यासाठी फोटो मात्र मोठा आणि स्वच्छ लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून तीन ग्रुप फिरून आलेल्या फोटोत डोळ्याचा ठिपका बघत बसू नका, तिथे काही उरलेलं नसतं.

आता गल्लत कुठे होते ते सांगतो. खोलीत एका बाजूला खिडकी आणि वर ट्यूबलाईट असेल तर खऱ्या फोटोतही दोन दिशांच्या सावल्या पडतात. मोबाईलचा फ्लॅश लागला की चेहरा उजळ आणि मागचा भाग काळा होतो. पोर्ट्रेट मोडमध्ये मागचा भाग मुद्दाम पुसट केला जातो आणि केसांच्या कडेला तो चुकतोही. ब्युटी फिल्टरने कातडी प्लास्टिकसारखी गुळगुळीत होते. आपल्या लग्नाच्या फोटोग्राफरने अल्बमसाठी बदललेली पार्श्वभूमी आठवा: उजेड जुळत नाही, पण नवरा-नवरी खरेच असतात! म्हणून नुसत्या उजेडावरून निकाल देऊ नका. अक्षरं आणि हात यांच्याबरोबर तो तिसरा साक्षीदार म्हणून घ्या.

चौथी गोष्ट: ती जागा तुम्हाला माहीत आहे

ही तपासणी तुम्ही परदेशातल्या कुठल्याही संशोधकापेक्षा चांगली करू शकता.

मी अक्षरं आणि सावल्या बघत होतो तोवर ताई म्हणाल्या, "सर, पण हे कोळगावचं ऑफिस नाहीच. मी दाखल्यासाठी दोनदा गेलेय तिथे." विषय तिथेच संपला. एआयने "भारतातलं सरकारी ऑफिस" काढलं होतं. त्याला कोळगाव माहीत नव्हतं. वरच्या मजल्यावर खिडक्या सात होत्या, खालच्यावर साडेसहा, आणि एक पायरी भिंतीत जाऊन संपत होती.

आपल्या भागातला फोटो असेल तर हा प्रश्न आधी विचारा. पालघर स्टेशनबाहेर खरंच असं दिसतं का? बोईसरच्या त्या चौकात असा रस्ता आहे का? तारापूर एमआयडीसीतलं युनिट म्हणून पाठवलेल्या फोटोत प्लॉट नंबरची पाटी आहे का, आणि ती वाचता येते का? नाहीतर गुगल मॅपवर त्या जागेचे लोकांनी टाकलेले फोटो उघडा आणि शेजारी ठेवून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

या सगळ्या खुणा कधी उपयोगी पडत नाहीत?

हे सांगितलं नाही तर मी तुम्हाला अर्धवट शिकवलं असं होईल. दोन खरी उदाहरणं देतो.

पहिलं उदाहरण धंद्यातलंच आहे. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या संशोधक रेने डिरेस्टा यांना लिंक्डइनवर एका बाईंच्या नावाने सॉफ्टवेअर विकण्याचा मेसेज आला. फोटो छान होता. पण एकाच कानात कानातलं होतं, केसांच्या काही बटा मागच्या भागात विरघळल्या होत्या आणि दोन्ही डोळे फोटोच्या अगदी नेमक्या मध्यावर होते. त्या काळचं चेहरे बनवणारं तंत्र डोळे कायम ठरलेल्या जागीच ठेवायचं. हा धागा पकडून त्यांनी आणि सहकाऱ्याने शोध घेतला, तेव्हा असे चेहरे लावलेली हजारापेक्षा जास्त प्रोफाईल सापडली. ग्राहक गळाला लावायला खोटे चेहरे, नंतर बोलायला खरा सेल्समन. पण आजचा एआय डोळे कुठेही ठेवतो, कानातलेही दोन देतो. २०२२ ची खूण आज चालेलच असं नाही. म्हणजे खूण सापडली तर संशय पक्का, पण *खूण सापडली नाही म्हणून फोटो खरा ठरत नाही*.

दुसरं उदाहरण आपल्या देशातलं. २८ मे २०२३ ला दिल्लीत आंदोलन करणाऱ्या कुस्तीपटूंना पोलिसांनी ताब्यात घेतलं. पोलिसांच्या गाडीतला विनेश आणि संगीता फोगाट यांचा सेल्फी सगळीकडे फिरला, त्यात त्या हसत होत्या. प्रत्यक्षात मूळ फोटोत कोणीच हसत नव्हतं. खऱ्या फोटोवर एआयने फक्त हसू चिकटवलं होतं. आता तुम्ही या फोटोत बोटं मोजली असती, सावल्या बघितल्या असत्या, तर सगळं बरोबरच आलं असतं, कारण गाडी खरी, माणसं खरी, उजेड खरा. मग खोटं कसं पकडलं? आधी टाकलेला मूळ फोटो शोधून शेजारी ठेवला, आणि गालावरच्या खळ्या न जुळल्याचं दिसलं. तथ्य तपासणाऱ्या पत्रकारांनी तर मोबाईलवरच्या चेहरा बदलणाऱ्या अ‍ॅपमध्ये मूळ फोटो टाकून तसंच हसू तयार करून दाखवलं.

म्हणून डोळ्याने तपासून झालं की फोटो गुगल लेन्समध्ये टाका. तोच फोटो दुसऱ्याच नावाने सापडला तर कुणा खऱ्या माणसाचा फोटो चोरलेला आहे. काहीच सापडलं नाही तर? तर काहीच सिद्ध झालं नाही. आजच बनवलेला फोटो इंटरनेटवर असणार कुठून?

काही एआय कंपन्या फोटोत छुपी खूण ठेवतात, गुगलच्या अशा खुणेचं नाव सिंथआयडी आहे. काही फोटोंच्या कोपऱ्यात चांदणीसारखं छोटं चिन्हही असतं. ते असेल तर सरळ कळतं, पण कापून टाकायला दोन सेकंद लागतात. फोटोची माहिती उघडून कॅमेरा आणि तारीख बघायचा सल्लाही तुम्ही ऐकला असेल. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो आणि ती माहिती निघून जाते. त्यामुळे माहिती नसणं हा पुरावा नाही, खऱ्याचाही नाही आणि खोट्याचाही नाही.

मग ताईंनी काय केलं?

खरं सांगायचं तर फोटो तपासायच्या आधीच एक गोष्ट चुकलेली होती. कर्ज देणारा माणूस मंजुरीच्या आधी मोबाईल नंबरवर पैसे मागत होता. फोटो शंभर टक्के खरा असता तरी ते पैसे भरायचे नव्हते. फोटो हा कागदपत्र नाही. आधार कार्ड हातात धरून काढलेला फोटोसुद्धा नाही.

ताईंनी तीन कामं केली. त्या नंबरला उत्तर देणं बंद केलं, पण चॅट पुसली नाही, स्क्रीनशॉट काढून ठेवले. मग आपल्या पासबुकावरच्या शाखेत स्वतः गेल्या आणि विचारलं की माझ्या नावाने अशी काही फाईल आहे का. नव्हती. लक्षात घ्या, समोरच्याने दिलेल्या नंबरवर फोन करून खात्री करायची नाही. तो नंबर त्याचाच असतो. नंबर पासबुकावरून, पावतीवरून किंवा ऑफिसात जाऊन घ्यायचा. आणि तिसरं, त्यांनी cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवली. पैसे गेलेच असतील तर मात्र आधी १९३० या नंबरवर फोन करा. जितका लवकर कराल तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी अडवण्याची शक्यता जास्त.

सरकारी योजनेच्या नावाने कोणी आलं तर अजून एक लक्षात ठेवा. पीएमईजीपीचा अर्ज ऑनलाईन भरतात आणि त्यासाठी कोणताही खाजगी एजंट नेमलेला नाही. मुद्रा कर्ज बँकेतून मिळतं, तिथेही एजंट नाही. त्यामुळे "मी योजनेचा माणूस आहे" असं म्हणत कोणी फोटो पाठवला, तर फोटो झूम करायचीही गरज नाही.

उद्या असा फोटो आला तर, या क्रमाने

१. फोटो सेव्ह करून मोठा करा, चेहरा झाका.
२. अक्षरं वाचा. स्पष्ट दिसतात पण वाचता येत नाहीत, तर थांबा.
३. हात बघा. बोटं मोजा आणि विचारा, हा हात ही वस्तू उचलू शकतो का?
४. पट्टी, चष्मा, दागिने जिथे शरीराला टेकतात तिथे नजर फिरवा.
५. चेहऱ्यावरचा आणि मागचा उजेड एकाच दिशेने येतोय का बघा. यावरून एकट्याने निकाल देऊ नका.
६. जागा ओळखीची असेल तर आठवा, नसेल तर मॅपवर बघा.
७. गुगल लेन्समध्ये टाका.
८. सगळं बरोबर आलं तरी पैशाचा निर्णय फोटोवर घेऊ नका. स्वतः शोधलेल्या नंबरवर किंवा समोरासमोर खात्री करा.

आणि जाता जाता आपल्या बाजूचं एक. नवीन धंदा आहे, ग्राहकांचे अभिप्राय अजून आलेले नाहीत, म्हणून एआयचा हसरा चेहरा लावून "मी इथून मसाला घेतला, फार छान" असं टाकायचा मोह होतो. करू नका. जाहिरातीतला अभिप्राय खऱ्या माणसाचा, खऱ्या अनुभवाचा असावा असं २०२२ पासूनच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांमध्येच आहे. आणि तुमचा ग्राहक तर शेजारच्याच आळीतला आहे. तो विचारणार, "ह्या कोण हो? कुठे राहतात?"

ताईंचं कांडप मशीन आलं का, हे बऱ्याच जणांनी विचारलंय. त्यांचा अर्ज आता बँकेत आहे, त्यांनी स्वतः भरलेला. त्या साहेबांचा फोटो त्यांनी मोबाईलमध्ये जपून ठेवलाय, बचत गटाच्या बायकांना दाखवायला. मीटिंगमध्ये तो सगळ्यांच्या हातात फिरवतात आणि विचारतात, "सांगा बघू, फाईल कोणी धरलीय?"

तुमच्याकडे असा फोटो आला असेल तर नंबर आणि नाव झाकून कमेंटमध्ये सांगा, त्यातले काही पुढच्या व्हिडिओत एकत्र झूम करून बघू. भेटूया!